कव्हर सैल झालं नाही, टॅब जाड झालाय

*माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. मालवणपासून आमचं गाव बरंच आत, म्हणून तिचा नीटचा क्लास ऑनलाइन लावलाय. सकाळी आठ ते एक आणि दुपारी तीन ते सहा. टॅब अडीच वर्षांचा झाला. बॅटरी टिकत नाही म्हणून दिवसभर चार्जरलाच असतो, रात्रीही पिन काढत नाही. रेंज ओटीवर येते, म्हणून ती तिथेच बसते. वर पत्रा आहे. गेला महिनाभर टॅब इतका तापतो की हातात धरवत नाही. त्याचं कव्हरही सैल झालंय, एक कोपरा बसतच नाही, ते नवीन मागवायचं आहे. माझे दीर म्हणतात, शंभर टक्के झाले की चार्जिंग आपोआप बंद होतं, काही होत नाही. शेजारी म्हणतात, खाऱ्या हवेने बॅटरी फुगते. परीक्षा तोंडावर आहे. टॅब असाच वापरला तर चालेल का?*

ताई, नवीन कव्हर मागवू नका. आधी टॅबची पिन काढा, टॅब पूर्ण बंद करा आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात उष्णतेपेक्षाही आम्हाला खटकलं ते कव्हर. प्लॅस्टिकचं किंवा रबराचं कव्हर उन्हाने, घामाने सैल होतं, नाही असं नाही. पण ते चारही बाजूंनी सैल होतं आणि टॅब आत खुळखुळतो. तीन कोपरे घट्ट बसतात आणि चौथा बसत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा कव्हर वाढलेलं नसतं, आतली वस्तू वाढलेली असते. अडीच वर्षांचा टॅब, दिवसरात्र चार्जरला, त्यात एप्रिलचा पत्रा, हे सगळं एकत्र धरलं तर बॅटरी फुगायला लागली आहे असंच धरून चालावं. खात्री मात्र करून घ्या, घरातल्या घरात होते.

टॅब बंद करून, कव्हर काढून, सावलीत तासभर थंड होऊ द्या. मग काचेच्या टीपॉयवर किंवा घरात सपाट फरशी असेल तिथे, स्क्रीन वर करून ठेवा. एका कोपऱ्याला बोटाने अगदी हलकं टेकवा, दाबू नका. टॅब डुगडुगतो का, किंवा भोवऱ्यासारखा मधल्या भागावर गोल फिरतो का, ते पाहा. काही टॅबना मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि त्यामुळेही डुगडुग होते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. मुलीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घ्या. ती स्क्रीनच्या काचेवर आडवी, कडेवर उभी धरा आणि पट्टीच्या खालून उजेड येतो का पाहा. काच अगदी सपाट असायला हवी. पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही कडांना उजेडाची फट दिसते, तर काच मधून वर आली आहे. हेच मागच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या खालच्या भागात करा. मागचं पॅनल कडेला मुळातच थोडं गोलाईचं असतं, तेवढं सोडून द्या, मधला भाग बघा.

तिसरी खूण काच आणि फ्रेम यांच्या जोडावर असते. वहीचा एक कागद घेऊन त्याची कड चारही बाजूंनी त्या जोडावरून फिरवा. कागद कुठेच आत जाता कामा नये. एखाद्या लांब बाजूच्या मध्यावर तो नखभर जरी आत शिरला, तर आतून काहीतरी काचेला ढकलतंय. या तिघांतली एकही खूण पक्की दिसली तर टॅब परत चालू करू नका. याउलट तिन्ही ठिकाणी काहीच नसेल, तर टॅब चालू करून पांढरी रिकामी पानं उघडा आणि मधोमध पिवळसर किंवा ढगासारखा फिका डाग दिसतो का ते पाहा. डिस्प्लेवर मागून दाब आला की तिथला रंग बदलतो, आणि फुगवटा डोळ्यांना दिसण्याआधी कधीकधी हा डाग दिसतो. टॅबला गोडसर, नखपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत असेल, तर पट्टी वगैरे काही नको. तो वास बॅटरीच्या पाकिटाला भोक पडल्याचा असतो.

आता दीरांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते पटतं. शंभर टक्क्यांना चार्जिंग खरंच थांबतं. आतलं सर्किट ते काम नेमाने करतं, बॅटरीत जादा वीज कोंबली जात नाही. पण बिघाड जादा भरण्याने होत नाही, भरलेल्या अवस्थेत गरम राहण्याने होतो.

टॅबमधली बॅटरी म्हणजे वेफर्सच्या पुडीसारखं चकचकीत, चपटं पाकीट असतं. अॅल्युमिनियमच्या पापुद्र्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक लावून ते बनवतात. आत तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यांच्यावर रसायनांचा लेप, मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा, आणि हे सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं. पेन्सिल सेलला असतं तसं लोखंडी कवच इथे नसतं, टॅब पातळ राहावा म्हणून. त्यामुळे आत वायू झाला की पाकीट फुगतं, दुसरीकडे जायला त्याला जागाच नसते. आणि वायू होतो तो त्या द्रवाचंच विघटन होऊन. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, काही हायड्रोकार्बन, असे वायू हळूहळू साठत जातात.

हे विघटन थोडंफार कायमच चालू असतं. त्याला वेग देणाऱ्या गोष्टी दोन. पहिली व्होल्टेज. आजच्या टॅबमधला सेल पूर्ण भरला की ४.३५ ते ४.४ व्होल्टपर्यंत असतो, ८० टक्क्यांना साधारण ४.१ च्या आसपास. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण त्या शेवटच्या टप्प्यातच धन बाजूचा लेप द्रवाला जास्तीत जास्त छळतो. दुसरी गोष्ट तापमान. दर दहा अंशांना अशा क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम रसायनशास्त्रात आहे. मुलगी बारावीला आहे, तिला विचारा, तिच्या पुस्तकात हे आहे.

दोन्ही एकत्र आले की काय होतं, याचा सर्रास दिला जाणारा एक अंदाज सांगतो. लिथियम-आयन बॅटरी ४० टक्के भरून ४० अंशांत वर्षभर नुसती ठेवली, तर तिची सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. तेवढ्याच उष्णतेत पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ६५ टक्के. एकदाही न वापरता. तुमचा टॅब अडीच वर्षं भरलेलाच आहे. शिवाय शंभरवर थांबल्यावर तो थोडा उतरतो, पुन्हा भरतो, पुन्हा उतरतो, रात्रभर असं चालू राहतं. म्हणजे सगळा वेळ त्या वरच्या टोकालाच काढतो. बॅटरी टिकत नाही म्हणून चार्जरला लावला आणि चार्जरला लावला म्हणून आणखी टिकेनाशी झाली, असा हा फेरा आहे.

ओटीवरच्या पत्र्याचाही यात मोठा वाटा आहे. किनाऱ्यावर एप्रिलमध्ये सावलीत पारा ३३-३४ वर असतो, देशावरच्या मानाने कमी. पण पत्र्याखाली, भिंतीलगतच्या वारा नसलेल्या कोपऱ्यात दुपारी त्याहून सहज जास्त होतो. क्लास चालू असताना टॅबची बॅटरी भोवतालच्या हवेपेक्षा आठ-दहा अंश गरम असणं नेहमीचं, आणि चार्जिंग चालू असेल तर त्याहून थोडी जास्त. म्हणजे ओटीवर ३५ अंश असतील तर बॅटरी ४५ च्या घरात गेली. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंशच मानतात. चांगल्या टॅबमध्ये त्यापुढे चार्जिंग आपोआप मंदावतं किंवा थांबतं. पण तेव्हाही बॅटरी भरलेलीच असते आणि तापलेलीच असते.

त्यात रेंज कमजोर. सिमकार्डवर क्लास चालू असेल आणि टॉवर दूर असेल, तर टॅबला सिग्नल पोहोचवायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. टॅब कुठे तापतो यावरूनही कारण ओळखता येतं. कॅमेऱ्याच्या जवळ किंवा एका वरच्या बाजूला चटका बसतो, तर तो बहुधा प्रोसेसर आणि नेटवर्कचा भाग. मागे मधल्या रुंद भागात तापतो, तर बॅटरी. नुसती पिन आणि तिच्या भोवतीचा दोन बोटं भाग तापतो, तर जोड खराब. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहिलंय.

फुगवटा निघाला असं धरून आता काय करायचं ते सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त चुका करतात.

टॅब चार्जरला लावायचा नाही, एकदाही नाही, "नोट्स काढून घेण्यापुरता" सुद्धा नाही. नोट्स आणि रेकॉर्डिंग बहुधा क्लासच्या खात्यात असतात, दुसऱ्या फोनवर त्याच नावाने लॉगइन केलं की दिसतात. फोटो आणि फायली फक्त टॅबमध्येच असतील तर सर्व्हिस सेंटरवाल्यांना आधी सांगा, बॅटरी बदलल्यावर त्या बहुधा तशाच मिळतात. बॅटरी बदलायला मेमरी पुसावी लागत नाही. फुगवटा हाताने दाबून बसवायचा नाही. सुई किंवा टाचणीने वायू काढायचा, हा व्हिडिओत दिसणारा प्रकार तर जीवघेणाच. टाचणी पाकिटाबरोबर आतला पडदाही फाडते, धन आणि ऋण पत्रे एकमेकांना लागतात आणि सेकंदाभरात ज्वाला येते. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तांदळात पुरायचा नाही. त्याने झालेला वायू परत जात नाही.

टॅब ठेवायचा कुठे? घरात गादी, कपडे, पुस्तकं यांच्याजवळ नको, स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ तर नकोच. पडवीत किंवा मागच्या दारी, ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी, जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर ठेवा. आजूबाजूला पेंढा, सुकी लाकडं, झावळ्या, किंतान नको. वरून एखादं स्टीलचं घमेलं उपडं घालायला हरकत नाही, पण हवा जायला एक कड चिऱ्यावर टेकवून उचललेली राहू द्या. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवू नका, वायू कोंडला की डबाच फुटतो. सेंटरला जाईपर्यंत एक-दोन दिवस एवढं पुरेसं आहे.

धूर आलाच तर आधी घरातल्यांना बाहेर काढा आणि मेन स्विच पाडा. तो धूर छातीला वाईट असतो, त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असू शकतं, म्हणून कापड तोंडावर घेऊन जवळ जाण्याचा शूरपणा नको. टॅब बाहेर असेल आणि विजेला जोडलेला नसेल, तर लांबून बादलीभर, नंतर आणखी बादलीभर, असं भरपूर पाणी ओता. लिथियम म्हटल्यावर पाणी घालू नये असं अनेकांना वाटतं. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरं आहे. टॅबच्या बॅटरीत धातूच्या रूपात लिथियम जवळपास नसतं, तिथे पाण्याने थंड करणं हाच उपाय. ज्वाला विझली तरी तासभर हात लावू नका, ती पुन्हा पेट घेते.

सर्व्हिस सेंटर कुडाळला असो की कोल्हापूरला, टॅब स्वतः घेऊन जा. कुरियरने किंवा एसटीच्या पार्सलने फुगलेली बॅटरी पाठवायची नाही, वाटेत त्यावर कुठला बोजा पडेल सांगता येत नाही. नेताना स्टीलच्या पसरट डब्यात तळाला दोन बोटं कोरडी रेती घाला, त्यावर टॅब, झाकण सैल. रेती बांधकामाची घ्या, किनाऱ्यावरची नको, तिच्यातल्या मिठाला ओल सुटते. स्कूटरच्या डिकीत ठेवून उन्हात गाडी लावू नका.

सेंटरमध्ये दोन प्रश्न विचारा. नवी बॅटरी कंपनीचीच आहे का, आणि तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का? लिथियम सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे, आणि लेबलवर `R-` ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. ब्युरोच्या `BIS Care` या अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की ती नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते दिसतं. बाजारातल्या स्वस्त "कंपॅटिबल" बॅटरीवर क्रमांक नसतो किंवा दुसऱ्याचाच असतो. गावातल्या मोबाइलवाल्याकडे फुगलेली बॅटरी काढून घेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. टॅबमध्ये बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते, आणि फुगलेली बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना वाकली किंवा टोचली गेली की पेटते. हे काम प्लॅस्टिकच्या पट्टीने, डिंक सोडवणाऱ्या द्रवाने आणि सावकाश करायचं असतं.

काढलेली जुनी बॅटरी घरी आणू नका, तिथेच द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घरी आणली की ती कधीतरी परसात पातेरा जाळताना त्यात जाते, किंवा खाडीत. दोन्ही वाईट.

टॅबची किंमत आणि बॅटरी बदलण्याचा खर्च यांचं गणित तुम्हीच बघा. टॅबला सुरक्षा अपडेट येणं बंद झालं असेल आणि खर्च टॅबच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर आम्ही नवीन टॅबकडे वळलो असतो. परीक्षेपर्यंत मधले दिवस घरातल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर काढा. फोन छोटा पडतो हे खरं, पण टीव्हीला जोडता आला तर फळा तरी नीट दिसतो.

आता नवी बॅटरी बसली किंवा नवीन टॅब आला, की काय करायचं. दिवसभर चार्जरला लावण्यात मुळात गुन्हा नाही, फक्त तो शंभरवर बसू द्यायचा नाही. बऱ्याच टॅबमध्ये आता मर्यादेची सोय असते. सॅमसंगच्या टॅबमध्ये `Settings` मध्ये `Battery` च्या आत `Battery protection` असतं, तिथे `Maximum` निवडलं की चार्जिंग ८० ला थांबतं. थोड्या जुन्यात `Protect battery` नावाने ८५ ची मर्यादा असते. नव्या काही आयपॅडमध्ये `80% Limit` आहे. तुमचा टॅब कुठलाही असो, सेटिंगच्या शोधपट्टीत `battery` टाकून `protect` किंवा `limit` असा शब्द येतो का पाहा. ही सोय असेल तर ती लावा आणि पिन निर्धास्त राहू द्या, मात्र खोली थंड आणि मागची बाजू मोकळी हवी.

सोय नसेल तर मुलीच्या वेळापत्रकावरच चार्जिंग बसवता येतं. समजा बॅटरी ७,००० एमएएचची आहे. ३.८५ व्होल्टने गुणलं की ती २७ वॉट-अवर झाली. वायफायवर, स्क्रीन निम्म्या उजेडात ठेवून क्लास पाहताना टॅब तासाला अंदाजे ५ वॉट-अवर खातो, म्हणजे तासाला १८ टक्के. सकाळी आठला ८० टक्क्यांवर सुरुवात केली तर साडेदहाला ३५ उरतात. साडेदहाला सुट्टी असते असं धरू; तिच्यात अर्धा तास, स्क्रीन बंद ठेवून चार्जर लावला, तर १५ वॉटच्या चार्जरने, मधली गळती वजा जाता, १८ टक्के चढतात. म्हणजे ५३. अकरा ते एक ३६ जातात, राहतात १७. दुपारी एक ते तीनमध्ये जेवण होईपर्यंत पावणेदोन तासांत ८० होतात. तीन ते सहा विनापिनचा क्लास झाला की संध्याकाळी २६ शिल्लक. रात्री झोपण्यापूर्वी दीड तास लावला की दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा ८०. दिवसातून तीनदा चार्जिंग, तेही टॅब विसावलेला असताना, आणि एकदाही शंभरवर नाही. तुमच्या टॅबचा दर वेगळा असेल. एका तासाला किती टक्के उतरतात ते एकदा लिहून ठेवा आणि हाच हिशोब त्यावर करा. तासाला ३० च्या वर उतरत असतील तर बॅटरी थकलेली आहे किंवा रेंज फार कमजोर आहे.

चार्जर वेळेवर काढायची आठवण राहत नसेल, तर टायमरचा सॉकेट मिळतो, त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खाचा असलेली गोल तबकडी असते. साडेदहा ते अकरा, एक ते पावणेतीन आणि रात्रीचा दीड तास एवढ्याच खाचा दाबून ठेवायच्या. एक अडचण आहे: वीज गेली की तबकडीही थांबते आणि तेवढी मागे पडते. तुमच्याकडे वीज रोज जात असेल, तर रोज सकाळी तिचा काटा घड्याळाशी जुळवून घ्यावा लागेल.

बसायची जागा बदलणं जास्त महत्त्वाचं. रेंज ओटीवरच येत असेल तर रेंज आत आणा: सिमकार्ड घालायचा छोटा राउटर ओटीवर, सावलीत, खिडकीच्या गजाला अडकवा आणि मुलगी माजघरात कौलांखाली बसू दे. कौलारू माजघर आणि पत्र्याची ओटी यांत दुपारी जो फरक असतो तो तुम्हाला आम्ही सांगायला नको. टॅबवरचा सिमचा भार गेल्याने तोही थंड राहतो. टॅब टेबलावर स्टँडला उभा ठेवा, कव्हर काढून, मागून वारा जाईल असा. पंख्याचा झोत मुलीवर असतो तसा थोडा टॅबच्या पाठीवरही पडू दे. गोधडीवर, उशीवर टॅब ठेवून क्लास पाहायचा नाही, मागची बाजू झाकली की उष्णतेला वाट उरत नाही. अँड्रॉइड टॅब असेल तर `AccuBattery` नावाच्या अॅपमध्ये बॅटरीचं तापमान दिसतं. चाळिशीच्या आत असेल तर काळजी नाही. ४५ ला टेकलं तर पिन काढा आणि क्लास चालू ठेवा, उलट करू नका.

शेजाऱ्यांच्या खाऱ्या हवेचं राहिलं. बॅटरीचं पाकीट हवाबंद असतं, खारी हवा त्यात जात नाही आणि तिने बॅटरी फुगत नाही. पण त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडू नये, कारण ती हवा चार्जिंगच्या पिनेत जाते. किनाऱ्यावर सहा-आठ महिन्यांत पिनेच्या टोकांवर हिरवट किंवा काळपट थर येतो, जोड ढिला होतो, आणि तिथेच विजेला अडथळा होऊन उष्णता तयार होते. तेव्हा चार्जिंग सुरू-बंद होत राहतं आणि पिनेचं प्लॅस्टिक हाताला गरम लागतं. टॅब बंद करून पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. धूळ आणि कापसाचे धागे असतील तर सुक्या लाकडी टूथपिकने सावकाश काढा; सुई, रॉकेल, खोबरेल तेल यातलं काही नको. हिरवा थर दिसला तर पोर्ट बदलायला लागतो, आणि ती केबलही फेकून द्या. बॅटरी बदलून आणलेल्या टॅबला तीच जुनी, टोकं काळी पडलेली केबल लावली, तर नवा पोर्टही त्याच वाटेने जातो. पावसाळ्यात चार्जर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ठेवून केबल मोकळी लोंबकळत ठेवू नका. काम झालं की केबल गुंडाळून झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतून येणारी ती ओल शोषायची छोटी पुडी टाकून ठेवा.